नकाराचे पेढे

नोकरी नसली की माणूस घाबरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. रियाज मात्र नोकऱ्या दोन मिळाल्या म्हणून घाबरला होता. हे कुणाला सांगावं, तर लोक हसले असते. मंदीचे दिवस होते. भल्याभल्या आचाऱ्यांच्या कढया पालथ्या पडल्या होत्या, आणि हा पठ्ठ्या दोन्ही हातांत लाडू घेऊन थरथरत होता.

पहिली नोकरी देवळालीची होती. मुंबईचे पारशी शेट हवा खायला देवळालीला येत, तिथे त्यांचे बंगले होते, आणि त्या बंगल्यांत आचारी, आया, माळी कोण लागणार हे नाशकात एकच माणूस ठरवत असे. फकिरा बटलर. उभा जन्म त्याने साहेबांच्या टेबलामागे उभं राहून काढला होता. आता गुडघे थकले होते, पण शब्द थकला नव्हता. बंगल्यांतल्या शेटाण्या नव्या नोकराला आधी एकच विचारत, "फकिराने पाठवलंय का?" हो म्हटलं की स्वयंपाकघर मोकळं. आपली दस्तुरी, म्हणजे दलाली, तो बंगल्याकडून घेई. नोकराकडून घेई तो फक्त भरवसा.

या फकिराने सोराबशेटांच्या बंगल्यासाठी आचारी म्हणून रियाजला निवडलं होतं. सोमवारपासून कामावर जायचं ठरलं होतं. रियाज हो म्हणाला होता आणि मनापासून म्हणाला होता.

शुक्रवारी सकाळी इगतपुरीहून पत्र आलं. तिथल्या स्टेशनातल्या रेल्वेच्या उपाहारगृहात रियाजने पावसाळ्याआधी कधीतरी हाताची चव दाखवून ठेवली होती. मॅनेजर तेव्हा "कळवतो" म्हणाला होता, आणि कळवतो म्हणजे नाही, हे धरून रियाज ते विसरूनही गेला होता. आता मॅनेजरने खरोखरच कळवलं होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा. काम कायमचं. राहायला खोली.

कायमचं, हा शब्द रियाजने पुन्हा पुन्हा वाचला. देवळालीचा बंगला हंगामापुरता. शेट मुंबईला परतले की बंगल्याला कुलूप आणि आचारी घरी. इगतपुरीला गाड्या बारा महिने थांबत. घाटावर आल्यावर मेलचं विजेचं इंजिन काढून वाफेचं लावत, तेवढ्यात उतारू जेवून घेत. पाऊस असो, थंडी असो, माणसाला भूक लागतेच. आणि घरात त्याच्या बायकोला, सुरय्याला, सातवा महिना लागला होता.

"मग अडलंय कुठे?" सुरय्याने विचारलं.

"अडलंय अम्मापाशी," रियाज म्हणाला.

अम्मा म्हणजे जैतुनबी, रियाजची आई. निफाडकडची, बोलणं अजून गावाकडचंच. देवळालीतल्या दुसऱ्या एका बंगल्यात ती आया होती. तो शेट बारमास तिथेच राहायचा, त्याच्या नातवाला तिने जन्मल्यापासून अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्या पोराशिवाय तिला करमत नसे, आणि तिच्याशिवाय पोर दुधाला तोंड लावत नसे. तिला तिथे कुणी ठेवलं होतं? फकिरानेच. आणि ज्याने ठेवलं तो काढूही शकत होता.

काढू शकतो म्हणजे काय, हे सांगायला महेबूब होता. पारशांचं धानसाक नाशकात त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. फकिराने त्यालाही असंच एका बंगल्यासाठी निवडलं होतं. मुंबईत काही बरं मिळालं म्हणून हा गेलाच नाही. निरोप नाही, सांगणं नाही. मुंबईचं ते बरं काही महिन्यांत बुडालं आणि महेबूब परत आला. तेव्हापासून देवळालीचं एकही फाटक त्याला उघडलं नव्हतं. त्याची बहीण एका बंगल्यावर कपडे धुवायची, तिचंही काम गेलं. कुणी काढलं, का काढलं, कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

"मी सांगते ते ऐक," जैतुनबी म्हणाली. बंगल्यावर जाण्याआधी कोपऱ्यात ती भाकरी मोडत बसली होती, पण घास तोंडात जात नव्हता. "ताप आलाय म्हणून सांग. हिवताप. लय थंडी वाजतीया म्हणावं. पडून राह्य चार दिस. मग कुणी कशाला इचारतंय?"

"आणि एक तारखेला इगतपुरीला कढईपुढे उभा दिसलो तर?"

"इगतपुरी कुठं, देवळाली कुठं!"

"एकाच लोहमार्गावर, अम्मा. सोराबशेट त्याच गाडीने येतात. तिथेच जेवतात."

जैतुनबीने भाकरी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला. "मंग त्यो लांबचा मामा वारला म्हणून सांग," ती हळूच म्हणाली.

"मामाला कशाला मारता?" सुरय्या म्हणाली. ती तशी कमी बोलायची, पण बोलली की मधे विरामाला जागा ठेवत नसे. "इगतपुरीचं पक्कं आहे ना? कागद हातात आहे ना? तारीख लिहिलीय ना? मग आजच जा. नमाज झाली की फकिराचाचा घरी असतात. दारातच सांगा, बसूसुद्धा नका. आजपासून सोमवारपर्यंत त्यांना दुसरा माणूस शोधता येईल. उद्या सांगाल तर एक दिवस कमी होईल. खोटं सांगाल तर एक दिवस कळेल. आणि चिडले तर खऱ्यावर चिडू देत."

"तुला सोपं आहे," रियाज म्हणाला.

"मला सोपं नाही. मलाही भीती वाटते. पण तुमच्यापेक्षा मला अम्माची काळजी जास्त वाटते, म्हणून म्हणते."

जुम्याची नमाज झाली. रियाजने काय नमाज पढली ते अल्लालाच ठाऊक. ओठ हलत होते आणि मनात वाक्यं जुळत होती. चाचा, माफ करा. चाचा, असं आहे की. चाचा, तुमचे उपकार. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याला अम्मा दिसे, बंगल्याच्या फाटकाबाहेर गाठोडं घेऊन उभी, आणि आत रडणारं पोर. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

आणि भीतीने माणसाची अक्कल आधी जाते, पाय मागाहून जातात. वाटेत हलवायाचं दुकान लागलं. रियाजच्या मनात आलं, नकार द्यायचा तो रिकाम्या हाताने कसा द्यायचा? काही गोड न्यावं. गोडाबरोबर कडू जरा सहज उतरेल. त्याने पेढे मागितले.

"काय रे, नोकरी लागली वाटतं?" हलवाई पुडी बांधत म्हणाला.

"हो," रियाज म्हणाला. खोटं तर नव्हतं.

फकिराची पायरी चढून तो दारात उभा राहिला. सुरय्याने पढवलेलं पहिलं वाक्य जिभेवर होतं. पण दार उघडलं ते फकिराच्या बायकोने, खुर्शीदाचाचीने, आणि तिची नजर थेट त्याच्या हातातल्या पुडीवर गेली.

"पेढे!" ती आत ओरडली. "अहो ऐकलंत का, रियाज पेढे घेऊन आला!"

तेव्हा रियाजच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात त्याला आपला मूर्खपणा लख्ख दिसला. फकिराच्या घरचा रिवाज साऱ्या नाशकातल्या आचाऱ्यांना पाठ होता. कामावर जाण्याआधी नवा माणूस गोड घेऊन यायचा, आणि फकिरा स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला पांढरा साफा बांधून दुवा द्यायचा. ज्याच्या डोक्याला तो साफा, तो फकिराचा माणूस. रियाजलाही हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. आणि नेमका आजच तो विसरला होता. नाही म्हणायला निघालेला माणूस हो म्हणण्याचं सामान हातात घेऊन दारात उभा होता.

"चाची, मी जरा..."

"बस, बस आधी!" चाचीने पुडी त्याच्या हातातून घेतलीसुद्धा. भिंतीपलीकडच्या बाईला हाक मारून दोन पेढे तिला दिले. शेजारीण म्हणाली, "मुबारक हो!" आता गल्लीलाही कळलं.

फकिरा बटलर आतून आला. उंच, वाळलेला, पण पाठ अजून ताठ, जणू मागे कुणी शेट जेवतोय. खांद्यावर धुतलेला, नीळ दिलेला साफा होता.

"सोमवारपर्यंत दम निघाला नाही का तुला?" तो हसून म्हणाला. "चांगलं आहे. खाली बस."

"चाचा, मला बोलायचं होतं."

"बोलशील. डोकं सरळ धर."

आता कुणी म्हणेल, तेव्हाच तोंड उघडायचं होतं. म्हणणाऱ्याने एकदा फकिरासमोर बसून बघावं. म्हाताऱ्याची बोटं कपाळावरून फिरत होती, साफ्याचा एकेक पेच दाबून बसत होता, आणि तो ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत होता. दुवेच्या मधे कसं बोलायचं? शेवटचा पेच खोचून फकिराने एक पेढा रियाजच्या हातावर ठेवला.

"खा. सोराबशेटच्या बाईंना मी सांगून ठेवलंय, रियाजच्या हातची, केळीच्या पानात उकडलेली पातरानी मच्छी खाल तर मुंबईला जाणार नाही. दुसरे दोघे आले होते, त्यांना परत पाठवलं. माझी मान तुझ्या हातात आहे, बेटा."

रियाजने पेढा मुठीत धरला.  धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आता बोलावं तर साफा डोक्यावर. न बोलावं तर सोमवार उजाडेल, आणि मग महेबूबची वाट. त्याला कळलं की याच्यापुढे दर क्षणाला हे अवघडच होत जाणार. आणि तो बोलला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही.

"चाचा, मी बंगल्याचं काम धरू शकत नाही. मला इगतपुरीला काम मिळालंय. आज सकाळी कळलं."

चाचीचा हात पुडीतच राहिला.

 फकिरा हळूहळू खाटेवर बसला आणि रियाजकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं रियाजला वाटलं. शिव्यांना शेवट असतो.

"पेढे घेऊन सांगायला आलास," शेवटी तो म्हणाला.

"अक्कल गेली होती चाचा. रिकाम्या हाताने यायची लाज वाटली. सांगायचं होतं दारातच. तुम्ही मला निवडलंत, बाईंपाशी माझं नाव घेतलंत, हे मी विसरणार नाही. बंगला वाईट नाही, पगार कमी नाही. पण ते काम बारमाही आहे, राहायला खोली आहे, आणि घरी मूल येणार आहे. एवढंच कारण. दुसरं काही नाही."

"पत्र बघू."

रियाजने दिलं. फकिराला वाचता येत होतं, साहेबांच्या घरी शिकला होता. त्याने नीट वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"बाईंना सांगून पगार वाढवून देतो," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "माझ्या शब्दाने वाढेल. बोल, किती हवा?"

 हा मान राखायचा रस्ता होता की परीक्षा, रियाजला कळेना. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. साफा डोक्यावर राहिला असता, अम्मा बंगल्यात राहिली असती. क्षणभर त्याच्या मनात तसं आलंही.

"नको चाचा," तो म्हणाला. "वाढवून मागायला मी आलोच नव्हतो. आज वाढीव घेतला तर उद्या तुम्हालाच वाटेल, याने पत्र दाखवून भाव केला. पाऊस लागला की बंगला तरीही बंद होणारच ना. मी तिकडे जाणार हे ठरलंय."

फकिराने मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते दिसलं नाही.

"आणि बाईंना काय सांगू? सोमवारी शेटच्या घरी पाहुणे आहेत."

"मला इगतपुरीला पहिल्या तारखेला जायचंय. तोवर मी बंगल्यावर येतो. तुम्ही म्हणाल ते रांधतो. बाईंना आधीच सांगा की हा थोड्याच दिवसांसाठी आहे, लपवू नका. तुम्ही तोवर माणूस बघा."

"कोण माणूस? चांगला हात असलेला कुणी मोकळा आहे का? नाव घे."

एकच नाव होतं. फकिरालाही ते माहीत असणार, कारण त्याने प्रश्न विचारून डोळे बारीक केले होते.  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ज्याच्या मानेची काळजी करायची, त्याला दुय्यम हाताचं नाव सांगायचं कसं?

"महेबूब," रियाज म्हणाला. "धानसाक त्याच्याइतकं कुणाला जमत नाही, चाचा. निवड तुमची. मी फक्त नाव घेतलं."

चाचीच्या तोंडून "या अल्ला" निघालं.

फकिरा उठला. आत गेला. पडदा हलला आणि थांबला.

आता रियाजचा धीर सुटला.  आज अम्मा बंगल्यावरून येईल आणि उद्या तिला फाटक उघडणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. पोर रडेल. अम्मा आपल्याला काही बोलणार नाही, तेच वाईट. हात साफ्याकडे गेला. काढून पायरीवर ठेवावा आणि पळून जावं, असं त्याला वाटलं. पण साफा जमिनीवर कसा ठेवायचा? तो तसाच बसून राहिला, डोक्यावर हात धरून, घर जळाल्यावर माणसं बसतात तसा.

फकिरा बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता आणि हातात काठी.

"चल," तो म्हणाला.

"कुठे चाचा?"

"महेबूबकडे. मला त्याचं घर माहीत आहे. इतके दिवस त्या गल्लीतून गेलो नाही, एवढंच." तो उंबऱ्यापाशी थांबला. "तुम्हा पोरांना वाटतं, तो गेला म्हणून मी त्याच्यावर डूख धरला. अरे, चांगलं मिळालं की माणूस जाणारच. मी नाही गेलो? एका साहेबाला सोडून दुसऱ्याकडे गेलो, पण आधी सांगून गेलो. महेबूब यायचा होता त्या दिवशी बंगल्यावर पाहुणे येऊन बसले होते, आणि मी फाटकात उभा राहून त्याची वाट बघत होतो. दर टांग्याला वाटायचं, आता उतरेल. शेवटी आत जाऊन मीच रांधलं, या हातांनी. हात थरथरत होते. मीठ जास्त पडलं. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, फकिरा, तू आता म्हातारा झालास."

चाचीने डोळ्यांना पदर लावला. तिलाही हे आजच कळत होतं.

"तू तीन दिवस आधी आलास," फकिरा म्हणाला. "पेढे घेऊन आलास, तो भाग वेडेपणाचा. पण आलास."

रियाजने साफा काढायला हात वर नेला.

"राहू दे. पहिल्या तारखेपर्यंत माझा माणूस आहेस ना? महेबूबच्या शेजारी उभा राहून त्याला बाईंची आवड दाखव. त्याचं नाव तू घेतलंस, तर जामीन तू. आणि इगतपुरीलाही हाच साफा घेऊन जा. मुंबईचे शेट तिथे जेवायला उतरतात. हा आचारी कुणाच्या हाताखालचा, म्हणून विचारतील. काय सांगशील?"

"तुमच्या, चाचा."

"कधी तिथे माणसं लागली तर मॅनेजरला माझं नाव सांग. माझ्याकडे पोरं आहेत." म्हातारा पायरी उतरू लागला. उतरता उतरता, मागे न बघता, तो म्हणाला, "आणि तुझ्या अम्माला सांग, उद्या जरा लवकर जा म्हणावं. पोराला दात येताहेत, रात्रभर किरकिरतं म्हणे. तिच्याशिवाय कुणाला ऐकत नाही."

  रियाजने मूठ उघडली. पेढ्याचा लगदा होऊन तो बोटांना चिकटला होता. त्याने तो तसाच तोंडात टाकला. गोडापेक्षा घामाचीच चव जास्त होती. पण सकाळपासून घशाखाली उतरलेला तो पहिला घास होता, आणि तो खाताखाता रियाज एखाद्या लहान पोरासारखा रडला. मग डोक्यावरचा साफा दोन्ही हातांनी नीट करून तो चाचाच्या मागे निघाला.